चोरी तिकडे, कुलूप इकडे

सकाळी सव्वासातला ताईचा सांगलीहून फोन आला. "अगं, माझं मेल उघडेना. पासवर्ड बरोबर टाकतेय, चार वेळा टाकला, तरी तेच. खातं लॉक केलंय म्हणे." स्क्रीनवर काय लिहिलंय ते मी तिला जसंच्या तसं वाचायला सांगितलं. रात्री अनोळखी ठिकाणाहून लॉगिन झाल्यामुळे खातं तात्पुरतं बंद ठेवलं आहे आणि हा पासवर्ड दुसऱ्या एका संकेतस्थळावरून बाहेर पडलेल्या यादीत आढळला आहे, असा तो मजकूर होता. ताई गोंधळली होती, दुखावलीही होती. "मी हा पासवर्ड कुण्णाला सांगितलेला नाही. तुलासुद्धा नाही. मग फुटला कसा?"

प्रश्न अगदी रास्त होता. ताईने काही निष्काळजीपणा केलेला नव्हता. तिने कुणाला ओटीपी दिला नव्हता, भलत्या लिंकवर बोट ठेवलं नव्हतं. पाचेक वर्षांपूर्वी साड्या विकणाऱ्या एका छोट्या संकेतस्थळावर तिने खातं उघडलं, एक साडी मागवली आणि ते खातं विसरून गेली. तिथे तिने मेलचा पत्ता दिला आणि लक्षात राहावा म्हणून मेलचाच पासवर्ड ठेवला. चोरी झाली ती त्या साडीच्या दुकानात. भोगायची वेळ आली ती मेलच्या खात्यावर.

पासवर्ड न सांगता फुटतो तो असा

कुठलंही बरं संकेतस्थळ आपला पासवर्ड आहे तसा लिहून ठेवत नाही. ते त्याचं पीठ करून ठेवतं. गहू दळले की पीठ मिळतं, पण पिठाचे परत गहू होत नाहीत. आपण लॉगिन करतो तेव्हा टाकलेला पासवर्ड पुन्हा दळला जातो आणि ते पीठ साठवलेल्या पिठाशी जुळतं का, एवढंच तपासलं जातं. या पिठाला संगणकाच्या भाषेत हॅश म्हणतात.

मग चोराच्या हाती पीठच लागलं तर बिघडलं कुठे? बिघडतं ते असं की चोराकडेही तशीच चक्की असते. तो लोकांचे नेहमीचे लाखो पासवर्ड, नावं, जन्मसालं, गावांची नावं आपल्या चक्कीत दळत सुटतो आणि कुठलं पीठ जुळतं ते पाहतो. मुलाचं नाव, पुढे @ आणि जन्मसाल, असा ताईचा पासवर्ड होता. तो सापडायला फार वेळ लागत नाही. त्यातून संकेतस्थळाने जुनी, भराभर चालणारी चक्की वापरलेली असेल तर चोराचं काम आणखी सोपं होतं. आपल्याकडच्या बिगबास्केटमधून ऑक्टोबर २०२० मध्ये दोन कोटींवर ग्राहकांची माहिती गेली आणि पुढच्या एप्रिलमध्ये ती जाहीरपणे बाहेर आली. त्यात पासवर्डचं पीठ होतं ते एसएचए-१ नावाच्या अशाच जुन्या, जलद पद्धतीचं.

सापडलेल्या पासवर्डांच्या मेल-पत्त्यांसह याद्या तयार होतात. मग माणूस नव्हे, एक प्रोग्रॅम ती यादी घेऊन मेल, खरेदी, प्रवास, समाजमाध्यमं अशा एकेका दारावर जातो आणि प्रत्येक जोडी लावून पाहतो. याला क्रेडेन्शियल स्टफिंग म्हणतात. हजार जोड्यांमागे दोन-चार दारं उघडली तरी त्याला पुरतात, कारण याद्या कोटींच्या असतात. ताईचं नाव-गाव त्याला ठाऊकही नसतं. ती त्या यादीतली एक ओळ असते.

त्यांना कळलं कसं?

ताईचा पुढचा प्रश्न नेमका होता. "मेलवाल्यांना माझा पासवर्ड माहीत नसतो म्हणतेस. मग तो त्या यादीतला आहे हे त्यांना कसं कळलं?"

याचं सगळ्यात स्वच्छ उत्तर २०१३ च्या एका घटनेत आहे. त्या वर्षी ३ ऑक्टोबरला अडोबी कंपनीने आपल्याकडे चोरी झाल्याचं जाहीर केलं. आधी २९ लाख ग्राहकांचा आकडा आला. पुढे जी फाइल बाहेर फिरू लागली तिच्यात १५ कोटींहून जास्त नोंदी निघाल्या. अडोबीने पासवर्डचं पीठ केलेलंच नव्हतं. सगळे पासवर्ड एकाच किल्लीने कुलूपबंद केले होते. त्यामुळे ज्यांचा ज्यांचा पासवर्ड सारखा, त्यांच्या नोंदीतली अक्षरंही हुबेहूब सारखी दिसत. शेजारी पासवर्ड आठवावा म्हणून लोकांनी स्वतः लिहिलेल्या खुणा उघड्याच पडल्या होत्या. हजारो लोकांच्या नोंदी सारख्या आणि त्यातल्या एकाने खुणेत उत्तरच लिहून ठेवलेलं, की सगळ्यांचा पासवर्ड कळला. कुलूप न फोडता अभ्यासकांनी असे ढिगाने पासवर्ड ओळखले. सगळ्यात वरचा होता 123456, आणि तो १९ लाखांहून जास्त खात्यांवर होता.

नोव्हेंबरमध्ये फेसबुकने एक शहाणपणाचं काम केलं. अभ्यासकांनी ओळखलेले हे पासवर्ड त्यांनी घेतले आणि त्याच मेल-पत्त्याचं खातं आपल्याकडे असेल तर तो पासवर्ड स्वतःच्या चक्कीत दळून पाहिला. पीठ जुळलं, म्हणजे या माणसाने दोन्हीकडे एकच पासवर्ड ठेवला आहे. अशी खाती फेसबुकने झाकून टाकली. मालकाने येऊन काही प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि नवा पासवर्ड ठेवायचा, मगच खातं पुन्हा दिसणार. आमच्याकडे काही झालेलं नाही, पण तुम्ही दोन्हीकडे एकच पासवर्ड वापरत आहात म्हणून तुमचं इथलं खातं धोक्यात आहे, असंही त्यांनी कळवलं.

म्हणजे तुमचा पासवर्ड ठाऊक नसतानाही कंपनीला ही तुलना करता येते. लॉक झालेलं खातं म्हणून पुष्कळदा राखणदाराने वेळेत लावलेली कडी असते. ती कडी चोर आत येण्याआधी लागली की नंतर, हे मात्र तपासावं लागतं.

आधी लॉक ओळखा

संदेश नीट वाचला की बहुतेक वेळा फरक कळतो. पासवर्ड गळतीत सापडला, तो बदला, एवढंच म्हटलं असेल तर सहसा आत कुणी आलेलं नसतं. अनोळखी लॉगिनचा उल्लेख असेल तर कुणीतरी उंबरा ओलांडला आहे असं धरून चालावं. आणि लॉकचा काहीच मजकूर नाही, नुसता "चुकीचा पासवर्ड" असा शेरा येतोय आणि पासवर्ड काही दिवसांपूर्वी बदलला गेला असं दिसतंय, तर चोराने तुम्हालाच बाहेर काढलं आहे. हे सगळ्यात वाईट.

चौथा प्रकार खोट्याचा. "तुमचं खातं लॉक झालं आहे, इथे क्लिक करा" अशी मेल किंवा एसएमएस चोरच पाठवतात. म्हणून नियम एकच ठेवावा: अशा निरोपातल्या लिंकला हात लावायचा नाही. ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करून किंवा नेहमीचं अ‍ॅप उघडून पाहायचं. लॉक खरा असेल तर तिथेही तेच दिसेल. ताईला संदेश दिसला तो रोजच्या अ‍ॅपमध्ये, तेव्हा तो खरा होता.

खातं परत मिळवताना

मी ताईला पहिल्यांदा सांगितलं, "आता पाचव्यांदा पासवर्ड टाकू नकोस." वारंवार चुकीचे प्रयत्न झाले की यंत्रणेचा संशय वाढतो आणि काही तास थांबावं लागतं. दुसरं सांगितलं, की हे सगळं तिच्या रोजच्याच फोनवरून आणि घरच्या वाय-फायवरूनच करायचं. भाच्याच्या लॅपटॉपवरून नाही, सायबर कॅफेतून तर नाहीच. गूगलसारख्या सेवा ओळख पटवताना ओळखीचं यंत्र आणि ओळखीची जागा यांना बरंच वजन देतात. जीमेल असेल तर पत्ता g.co/recover. तिथले प्रश्न सोडून देऊ नयेत. आठवेल ते उत्तर द्यावं, अगदी जुन्यातला जुना आठवणारा पासवर्डसुद्धा.

इथे ताईची गाडी अडली. कोड ज्या नंबरवर जाणार होता ते सिम तिने दोन वर्षांपूर्वी बंद केलं होतं. हे फार घरांत होतं आणि ते नुसतं गैरसोयीचं नाही. बंद झालेला मोबाइल नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. तेव्हा आपल्या खात्याची किल्ली एखाद्या परक्या माणसाच्या फोनवर जाऊन बसलेली असू शकते. सुदैवाने ताईच्या खात्यात दुसरा मार्ग म्हणून माझा मेल-पत्ता होता. कोड माझ्याकडे आला, मी तो फोनवर सांगितला आणि खातं उघडलं. चोरानेच हा नंबर किंवा पत्ता बदललेला असेल तरी लगेच हताश होऊ नये. गूगल अशा बदलानंतर सात दिवस जुन्या नंबरवर किंवा पत्त्यावर कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकतं. म्हणून घाई करावी ती इथे.

नवा पासवर्ड ठेवून ताई म्हणाली, "झालं बाई एकदाचं." खरं काम इथून पुढे होतं.

खात्याच्या सुरक्षा विभागात लॉगिन झालेल्या यंत्रांची यादी असते. ताईच्या यादीत रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांची एक नोंद होती, यंत्र अनोळखी. खातं लॉक झालं ते तीन वाजता. म्हणजे वीस मिनिटं कुणीतरी आत होतं. पासवर्ड बदलल्यावर बहुतेक ठिकाणचं लॉगिन तुटतं, पण सगळीकडचं तुटतंच असं नाही. म्हणून त्या यादीतून अनोळखी यंत्रं स्वतः काढून टाकायची.

मग त्या वीस मिनिटांत त्याने काय केलं ते शोधायचं. जीमेलमध्ये हे संगणकावरून पाहावं लागतं, कारण फोनच्या अ‍ॅपमध्ये फिल्टर दिसत नाहीत. वरच्या दातेरी चाकावर क्लिक करून "See all settings" उघडायचं आणि दोन ठिकाणी जायचं: "Filters and Blocked Addresses" आणि "Forwarding and POP/IMAP". दुसऱ्या ठिकाणी पाहायचं ते आपली पत्रं परक्या पत्त्यावर तर जात नाहीत ना. ताईच्या सेवेतही अशीच सोय होती. मेल कुठे पुढे जात नव्हती, पण तिने कधीही न केलेला एक फिल्टर तिथे होता. ज्या पत्रात "password" किंवा "order" हा शब्द असेल ते थेट कचऱ्यात टाकावं, असा.

त्याचा डाव त्या एका ओळीत होता. खरेदीच्या एखाद्या अ‍ॅपवर जाऊन तो "Forgot password" दाबणार, पासवर्ड बदलण्याची लिंक ताईच्या मेलवर येणार, तो ती कचऱ्यातून उचलणार आणि ताईला इनबॉक्समध्ये काहीच दिसणार नाही. मेलचं खातं म्हणजे बाकी सगळ्या खात्यांच्या किल्ल्या टांगलेली खुंटी असते ती अशी. फिल्टर काढून टाकला, कचरापेटी तपासली. त्यात तशी लिंक नव्हती. डाव मांडला गेला होता, खेळायला वेळ मिळाला नव्हता. पण तो फिल्टर राहिला असता तर नवा पासवर्ड ठेवूनही ताईची पत्रं कचऱ्यात जात राहिली असती.

यानंतर आम्ही वही घेऊन बसलो. हाच पासवर्ड आणखी कुठे आहे? रेल्वेच्या तिकिटांचं खातं, खरेदीची दोन अ‍ॅप्स, फेसबुक, वीजबिल. मेलनंतर आधी पैशांशी संबंध असलेली खाती, मग कार्ड किंवा वॉलेट साठवलेली, मग बाकीची, या क्रमाने पासवर्ड बदलले. पैसे गेलेले असते तर क्रम वेगळा असता: सगळं सोडून आधी बँकेला आणि १९३० या सायबर मदत क्रमांकाला फोन, मग cybercrime.gov.in वर तक्रार. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता आले तरच हाती लागतात, म्हणून तिथे मिनिटांचा हिशेब असतो.

पुन्हा तोच पासवर्ड येऊ नये म्हणून

"मग आता प्रत्येकाचा वेगळा लक्षात ठेवू? साठीनंतर?" ताईचं हे वाक्य साऱ्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. माणूस एकच पासवर्ड सगळीकडे ठेवतो तो आळसाने नाही, पन्नास पासवर्ड लक्षात राहणं शक्यच नसतं म्हणून. अशा वेळी बहुतेकजण जी युक्ती करतात ती फसवी असते: मूळ शब्द तोच, पुढे fb किंवा bank. एक पासवर्ड फुटला की बाकीच्यांचा साचा कुणालाही दिसतो, आणि चोरांचे प्रोग्रॅम शेवटचे आकडे-अक्षरं बदलून पाहतातच.

उपाय म्हणजे लक्षात ठेवण्याचं काम आपण सोडून द्यायचं. पासवर्ड मॅनेजर ते करतो. अँड्रॉइड फोनमध्ये आणि क्रोममध्ये गूगलचा असतो, आयफोनमध्ये अ‍ॅपलचा, आणि बिटवॉर्डनसारखे स्वतंत्रही मिळतात. नवं खातं उघडताना तो स्वतःच वेडावाकडा, लांब पासवर्ड सुचवतो, साठवतो आणि पुढच्या वेळी भरतो. त्याचा एक फायदा फारसा बोलला जात नाही. संकेतस्थळाचा पत्ता तंतोतंत जुळला तरच तो पासवर्ड भरतो. हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर माणूस फसेल, हा गप्प बसेल. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड एखाद्या दिवशी भरला गेला नाही तर थांबून वरचा पत्ता वाचावा.

लक्षात ठेवायला मग एक-दोनच पासवर्ड उरतात: मॅनेजरचा आणि मेलचा. ते मात्र भक्कम हवेत. ताईने मराठी शब्दकोश घेतला, डोळे मिटून सहा वेळा उघडला, बोट पडेल तो शब्द लिहिला आणि सहा शब्द रोमन अक्षरांत सलग टाइप केले. शब्द आपण निवडायचे नाहीत, हे यातलं मर्म. आवडीचं गाणं, देवाचं नाव, नातवाचं नाव हे आपल्याला सुचतं तसं चोरालाही सुचतं. डोळे मिटून आलेले सहा शब्द कुणाला सुचत नाहीत, आणि चार दिवस टाइप केले की बोटांना पाठ होतात.

ज्यांना मॅनेजर नकोच वाटतो त्यांनी वही करावी. पासवर्ड लिहून ठेवू नये हा जुना उपदेश कचेरीतल्या टेबलासाठी ठीक आहे. परदेशात बसलेला चोर सांगलीतल्या कपाटातली वही वाचू शकत नाही, पण सगळीकडे एकच असलेला पासवर्ड मात्र वापरू शकतो. वही एटीएम कार्डापाशी ठेवू नये आणि मेलचा पासवर्ड तीत लिहू नये, एवढं पथ्य पाळावं.

जिथे शक्य तिथे दुहेरी पडताळणीही चालू करावी, म्हणजे पासवर्ड फुटला तरी दुसऱ्या कोडावाचून दार उघडत नाही. गूगल तेव्हा आठ आकड्यांचे दहा राखीव कोड देतं. फोन हरवला तर तेच तारतात. ताईने ते छापून घराच्या कागदपत्रांत ठेवले. काही ठिकाणी आता पासकीचा पर्याय येतो. फोनचं कुलूप उघडतो तसं बोट लावून लॉगिन. त्यात गुप्त भाग आपल्याकडेच राहतो आणि संकेतस्थळाकडे तपासणीपुरता उघडा भाग असतो. त्यांच्याकडे चोरी झाली तरी फुटण्याजोगं काही चोराच्या हाती लागत नाही.

आपला पत्ता एखाद्या गळतीत आहे का, हे haveibeenpwned.com वर पाहता येतं. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने डिसेंबर २०१३ मध्ये, अडोबीच्या त्या चोरीपाठोपाठ, ते सुरू केलं. साडीच्या दुकानाचं नाव आम्हाला तिथेच कळलं. मात्र "सापडलं नाही" याचा अर्थ "फुटलं नाही" असा घेऊ नये. लिंक्डइनमधली चोरी २०१२ ची. तेव्हा ६५ लाख नोंदी दिसल्या होत्या. चार वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच चोरीतले ११ कोटी ७० लाख मेल आणि पासवर्ड विक्रीला आले. मधली चार वर्षं ज्यांनी तो पासवर्ड दुसरीकडे वापरला, त्यांना काही पत्ता नव्हता. म्हणून फुटल्याची बातमी येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. पासवर्ड दुसरीकडे कुठे नसणं, एवढंच आपल्या हातात आहे.

एका दिवसात साठ खाती बदलायला जाऊ नये. माणूस दमतो आणि सोडून देतो. ताईने पहिल्या दिवशी पाच महत्त्वाची बदलली. बाकीच्यांसाठी नियम केला: जिथे पुढच्या वेळी लॉगिन करेन तिथे त्याच वेळी पासवर्ड बदलेन. जी खाती पुन्हा लागणारच नाहीत ती बंद केली. साडीच्या दुकानाचं पहिलं.

चारेक महिन्यांनी तिचा पुन्हा सकाळी फोन आला. पुस्तकं मागवायच्या एका संकेतस्थळावर चोरी झाल्याची सूचना तिच्या फोनवर आली होती. मी विचारलं, "कुठे कुठे बदलावा लागेल?"

"बदललासुद्धा," ती म्हणाली. "एकच होता. बाकीच्यांचा आता त्याच्याशी काय संबंध?"